पाळीच्या तारखा आधी सांगा

“दोनदा गर्भ पडला. आता कोणत्या तपासण्या करू? लग्नाआधी पाळी पुढं-मागं व्हायची, तेही सांगायचं का?”

ताई, तेच आधी सांगा. मी यवतमाळकडे खेड्यात नर्स आहे. आमच्याकडे आलेल्या एका बाईचे दोन गर्भ नवव्या आठवड्याच्या आत गेले होते. तिच्या हातातल्या पिशवीत टॉर्च नावाच्या, काही संसर्ग शोधणाऱ्या रक्ततपासणीचा महागडा रिपोर्ट होता, ज्यानं वारंवार गर्भपाताचं कारण सापडत नाही. कॅलेंडरवर पेनानं गोल केलेल्या तारखा मोजल्या, तर पाळी 40-45 दिवसांनी. म्हणून रक्तातली पाळीवर परिणाम करणारी दोन हार्मोन्स, थायरॉईडसाठीचं टीएसएच आणि प्रोलॅक्टिन, तपासली. टीएसएच बरंच वाढलेलं निघालं, थायरॉईडची गोळी सुरू झाली.

तरी डॉक्टर तिथंच थांबले नाहीत. गर्भाशयाच्या आकारासाठी सोनोग्राफी केली, रक्तात गुठळ्या करून गर्भ पाडू शकणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीही तपासल्या. त्या पॉझिटिव्ह आल्या तर किमान 12 आठवड्यांनी पुन्हा तपासतात, कारण साध्या आजारपणातही काही काळ वाढतात. एका रिपोर्टवर रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू करू नका.

आणि पाळी लांबत असेल तर गर्भ उशिरा राहतो. तारखेनं आठ आठवडे, पण सोनोग्राफीत सहाच दिसतात. ठोके नाहीत म्हणून लगेच गर्भाची पिशवी साफ करायला होकार देऊ नका. त्रास नसेल तर आठवडा-दोन आठवड्यांनी परत सोनोग्राफी करायला सांगा.