एका 'ल्स'ची गोष्ट

आमचा टॉवेलचा धंदा आहे. सोलापुरात हे सांगणं म्हणजे कोकणात "आमच्याकडे नारळ आहेत" म्हणण्यासारखं. अक्कलकोट रोडला चार माग, चाटी गल्लीत छोटं ऑफिस, आणि ऑफिसात दिवाणजी. दिवाणजी वडिलांच्या काळापासूनचे. त्यांनी खतावणी पाहिली, विक्रीकर पाहिला, व्हॅट पाहिला, आणि आता जीएसटीकडे ते नव्या सुनेकडे बघावं तसे बघतात. बोलत काही नाहीत, पण नजर असते.

गेल्या जूनमध्ये हैदराबादच्या एका गिऱ्हाइकाला तीन बिलांत टॉवेल पाठवले. 62 हजार, 58 हजार आणि 64 हजार, एकूण 1 लाख 84 हजार. त्यावर 5 टक्के आयजीएसटी, म्हणजे 9,200 रुपये. गाठी गेल्या, बिल्टी आली, मालाचे पैसेही जमा झाले. सोलापूरच्या उन्हाळ्यानंतर माणसाला आणखी काय पाहिजे?

पण हैदराबादेत दोन दुकानं आहेत. दोघांनीही देवाचं तेच नाव लावलंय. एकाच्या पाटीवर शेवटी 'टेक्स्टाइल', दुसऱ्याच्या पाटीवर 'टेक्स्टाइल्स'. पहिला आमचा गिऱ्हाईक. दुसऱ्याने दोन वर्षांपूर्वी सॅम्पल मागवलं होतं. त्या वेळी बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं खातं उघडलं गेलं आणि तसंच राहिलं. दिवाणजींनी नावाची पहिली चार अक्षरं टाकली, खाली यादी उघडली, बोट जिथे पडलं तो गिऱ्हाईक. बोट 'ल्स'वर पडलं. खातं एकदा चुकलं की पुढची दोन बिलंही इमानदारीत त्याच वाटेने गेली.

आता कोणी म्हणेल, पोर्टलने अडवलं कसं नाही? पोर्टल कशाला अडवील? जीएसटी नंबर 15 अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, तेलंगणाचे 36. मग दहा अक्षरांचा पॅन. मग त्या पॅनवर त्या राज्यात कितवी नोंदणी, मग बहुधा झेड, आणि शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून हिशेब करून काढलेलं. टाइप करताना एखादं अक्षर चुकलं तर ते शेवटचं अक्षर बोंब मारतं. पण आमच्या हातून अक्षर चुकलं नव्हतं, माणूस चुकला होता. नंबर खरा, चालू, हैदराबादचाच. पोर्टलच्या दृष्टीने सगळं झकास. जूनचा जीएसटीआर-1, म्हणजे महिन्याच्या विक्रीचं रिटर्न, आम्ही 11 जुलैला भरून टाकला.

16 जुलैला 'टेक्स्टाइल'वाल्यांचा फोन. "शेठ, तुमची तीन बिलं आमच्या 2B मध्ये दिसत नाहीत."

2B म्हणजे महिन्याच्या 14 तारखेला खरेदीदाराला दिसणारी, त्याच्या नावावर कुणी काय विकलं त्याची यादी. तिच्यात बिल नाही तर त्याला कराचं क्रेडिट नाही, म्हणजे आम्हाला दिलेला कर त्याला स्वतःच्या करातून वजा करता येत नाही. क्रेडिट नाही तर त्याने आमचे 9,200 अडवले. यात त्याची चूक काही नाही, मीही अडवले असते.

दिवाणजी म्हणाले, "मालक, काळजी नको. अजून 3B भरायचा आहे, म्हणजे महिन्याचा कर भरायचं रिटर्न. त्याच्या आत 1A नावाचा फॉर्म असतो, त्याच महिन्याची चूक त्यात नीट करता येते." मला अभिमान वाटला. मी वकीलसाहेबांना फोन लावला. (आमच्याकडे कराचं काम बघणाऱ्याला वकीलच म्हणतात, मग त्याने काळा कोट आयुष्यात घातलेला नसो.) ते म्हणाले, "होय की, 1A आहे. रक्कम बदला, तारीख बदला. पण घेणाऱ्याचा जीएसटी नंबर त्यात बदलत नाही. तो पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-1 मध्ये, तक्ता 9A."

"मग क्रेडिट नोट काढतो त्या 'ल्स'च्या नावाने, आणि नवीन बिल फाडतो," मी म्हणालो.

"माल परत आला का?"

"तो गेलाच नव्हता त्याच्याकडे."

"भाव कमी केला का? कर जास्त लावला का?"

"नाही."

"मग क्रेडिट नोट कशाची? ज्याला माल दिला नाही त्याच्याकडून माल परत आल्याचं दाखवणार? एक चूक झाकायला दोन खोटे कागद होतील. गप पुढच्या महिन्यापर्यंत थांबा बे."

थांबलो. दरम्यान 'टेक्स्टाइल्स'वाल्यांना फोन केला, कारण आमची तीन बिलं आता त्यांच्या 2B मध्ये झळकत होती. खरं तर पोर्टलवर त्यांना ती नाकारायची सोय असते. पण कुणी काहीच केलं नाही तर पोर्टल ती स्वीकारली असंच समजतं, आणि त्यांच्या मुनीमजींनी काहीच केलं नव्हतं. अर्धं तेलुगू, अर्धं दखनी, मध्येमध्ये आमचं सोलापुरी, अशा भाषेत मला कळलं ते इतकंच की 9,200 रुपयांचं क्रेडिट त्यांनी जूनच्या रिटर्नमध्ये घेऊन टाकलंय. "देवाने दिलं समजलो," मुनीमजी म्हणाले. मी म्हटलं, देवाने नाही, आमच्या दिवाणजींनी दिलं. असं चुकीचं क्रेडिट वापरून बसलं तर परत करताना वर 18 टक्के व्याज, हे त्यांच्याच सीएने सांगितल्यावर मुनीमजी वरमले. पुढच्या रिटर्नमध्ये त्यांनी ते उलटवलं. मी त्यांच्याकडून लेटरहेडवर चार ओळी लिहून घेतल्या: या तीन बिलांचा माल आम्ही घेतलेला नाही, क्रेडिट घेतलं होतं ते परत केलं. हा कागद मी का घेतला ते तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं. वडील म्हणायचे, फुकट मिळणारा कागद सोडू नये.

ऑगस्टमध्ये जुलैचा जीएसटीआर-1 भरताना 9A उघडला. जुनं वर्ष, जुना बिल नंबर टाकला की जुनी नोंद समोर येते, आणि `Amend Record` दाबलं की ती उघडते. बिल नंबर तोच, तारीख तीच, रक्कम तीच, फक्त खरेदीदाराचा नंबर बदलला. असं तीन वेळा. वकीलसाहेब फोनवर होते. "नीट बघून टाका. एकदा दुरुस्त केलेलं बिल परत दुरुस्त होत नाही." हे ऐकून दिवाणजींनी चष्मा पुसला, मग काढला, मग पुन्हा पुसला. 14 ऑगस्टला बिलं खऱ्या गिऱ्हाइकाच्या 2B मध्ये उतरली, त्याच नंबराच्या नीट केलेल्या प्रती त्याला कुरियरने पाठवल्या, आणि 9,200 आले. कर आम्ही जूनमध्येच भरला होता, त्यामुळे जुलैच्या 3B वर पैशाचाही फरक पडला नाही. अशा दुरुस्तीची शेवटची मुदत वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरची, किंवा त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर तिथेच. आम्ही आठ-दहा आठवड्यांत मोकळे. गिऱ्हाइकाला शेंगाची चटणी पाठवली.

जानेवारीत, गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, ASMT-10 आली. ही छाननीची नोटीस. उत्तराला 30 दिवस.

घोळ असा होता. ई-वे बिल, म्हणजे माल गाडीने नेताना लागणारा ऑनलाइन कागद, ट्रान्सपोर्टवाल्याच्या माणसाने काढलं होतं, आणि त्याने गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला नंबर टाकला होता. म्हणजे बरोबर. त्यामुळे जीएसटी ऑफिसातल्या, नोटीस काढणाऱ्या मॅडमच्या संगणकावर जून असा दिसत होता: तीन गाड्या 'टेक्स्टाइल'कडे गेल्या, पण त्याला बिल एकही नाही. 'टेक्स्टाइल्स'ला तीन बिलं, पण त्याच्याकडे गाडी एकही नाही. या जोडीला बाहेरच्या जगात एकच नाव आहे: माल एकाला, क्रेडिट दुसऱ्याला.

मी गेलो. मॅडम शांत होत्या, हेच जास्त भीतिदायक.

"तुम्ही माल कुणाला विकला?"

"टेक्स्टाइलला."

"बिल टेक्स्टाइल्सला आहे."

"तेच मॅडम, ल्स जास्त लागला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी दिवाणजी, बोट, यादी, सॅम्पल, सगळं सांगत सुटलो. दोन वर्षांपूर्वीच्या सॅम्पलच्या रंगापर्यंत आलो तेव्हा त्या म्हणाल्या, "जूनच्या रिटर्नमध्ये हे आजही तसंच आहे ना?"

आणि इथे मला पहिल्यांदा कळलं की मी सहा महिने एका गैरसमजात होतो. मला वाटलं होतं, दुरुस्ती केली म्हणजे जून नीट झाला. जून कधीच नीट होत नाही. जूनचं रिटर्न जसं भरलं तसंच राहतं, खोडरबर नाहीच. दुरुस्ती जुलैच्या रिटर्नमध्ये, वेगळ्या तक्त्यात जाऊन बसते. जो फक्त जून बघेल त्याला फक्त चोर दिसेल.

"मॅडम, जून बघताना शेजारी जुलैचा 9A ठेवा," मी म्हणालो, आणि वकीलसाहेबांनी करून दिलेला एक कागद पुढे केला. एकच पान, बिलाला एक ओळ. बिल नंबर, ई-वे बिल, बिल्टीवर माल सोडवून घेणाऱ्याची सही, बँकेत पैसे कुणाच्या खात्यातून आले, आणि 9A मधली दुरुस्ती. तिन्ही ओळींत माल 'टेक्स्टाइल'कडे, सही 'टेक्स्टाइल'ची, पैसा 'टेक्स्टाइल'चा. 'ल्स' फक्त एका रकान्यात, आणि पुढच्याच रकान्यात तो खोडलेला.

मॅडमनी बँकेच्या पासबुकावर बोट ठेवलं, तारखा जुळवल्या. मग विचारलं, "आणि त्या दुसऱ्याने क्रेडिट खाल्लं असेल तर?" मी लेटरहेडवरच्या चार ओळी काढल्या. त्या पहिल्यांदा हसल्या. "हे आधी दाखवायचं ना. सॅम्पलचा रंग कशाला सांगत होता?"

हेच सगळं ASMT-11 मध्ये लेखी दिलं, आणि काही दिवसांनी ASMT-12 आली, प्रकरण बंद. दिवाणजींनी ती फाइलमध्ये लावली, वर अष्टगंध लावायचं तेवढं बाकी ठेवलं.

परवा फोन आला. हैदराबादहून, 'टेक्स्टाइल्स'चे मुनीमजी. इतक्या वेळा बोलणं झाल्यावर ओळख झालेलीच होती. त्यांना वीस डझन टॉवेल हवे होते.

मी दिवाणजींना सांगितलं. त्यांनी सॉफ्टवेअर उघडलं, चार अक्षरं टाकली, यादीत दोन्ही नावं एकाखाली एक आली, आणि त्यांनी माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. "मालक, तुम्ही दाबा." मी म्हटलं, तुम्ही नंबर वाचा, मी बघतो. मग चाटी गल्लीत भर दुपारी आम्ही दोघं मोठ्याने वाचत बसलो. तीन, सहा, ए आंब्याचा, बी बटाट्याचा...

"आंबा ए कसा?" मागवाला पोरगा दारातून म्हणाला.

"तू गप बे," दिवाणजी म्हणाले, "परत पहिल्यापासून."