सौम्य म्हणे!

सकाळी सकाळी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक रंगीत तक्ता येऊन पडला. 'कोणत्या कॉफीत किती कॅफिन?' एस्प्रेसोपुढे लाल रंगात कवटी, कोल्ड ब्रूपुढे हिरवं पान आणि खाली 'सौम्य, पोटाला शांत'. पाठवणारे काका रिटायर झाल्यापासून दिवसाला असे वीस तरी तक्ते पाठवतात, मी उघडतही नाही. पण या तक्त्याखाली माझ्या मामेबहिणीने लिहिलं होतं, "बरं झालं काका, आजपासून एस्प्रेसो बंद, कोल्ड ब्रू चालू." तिला सहावा महिना आहे. मग मात्र डोकं फिरलं.

फिरलं कारण हाच शहाणपणा मी तीन वर्षांपूर्वी केलेला आहे. तेव्हा मी दिवसाला दोन छोटे एस्प्रेसो घ्यायचे. एवढासा कप, पण जिभेला चटका बसावा इतकं कडक. मला वाटायचं, हे विष आहे, सोडायला हवं. मग कुणीतरी कोल्ड ब्रूचं सुचवलं. १०० ग्रॅम जाडसर पावडर, ८०० मिली थंड पाणी, सोळा तास फ्रिजमध्ये आणि मग गाळायचं. कडवटपणा नाही, आंबटपणा नाही, सरबतासारखं घशाखाली उतरतं. दुपारी एकला एक ग्लास, संध्याकाळी सहाला दुसरा, बर्फ घालून. आणि मी स्वतःवर खूश, की बघा, कशी सुधारले!

त्या रात्री अडीच वाजता मी छताकडे बघत पडले होते. छातीत धडधड, तळहात ओले, आणि मनात पाच वर्षांपूर्वीच्या एका भांडणाला द्यायला हवी होती ती सगळी उत्तरं रांगेत उभी. मला वाटलं, हृदयाचं काहीतरी आहे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासलं, ईसीजी काढला, ठीक होता. मग विचारलं, "कॉफी किती?" मी म्हटलं, "दोनच ग्लास. तीही सौम्य." त्या म्हणाल्या, "कप नका सांगू हो, पावडर किती ग्रॅम टाकता ते सांगा."

तोपर्यंत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आणि त्या तक्त्यातही तो कुठेच नाही, माझा राग त्याचाच आहे.

अहो, कॅफिन काही पद्धतीत तयार होत नाही. ते बीमध्ये असतं. अरेबिका बीच्या वजनात साधारण सव्वा टक्का, म्हणजे एका ग्रॅममागे बारा मिलिग्रॅमच्या आसपास. रोबस्टात जवळपास दुप्पट. कॅफिन पाण्यात सहज विरघळतं, गरम पाण्यात तर झटकन. त्यामुळे कागदी फिल्टर घ्या नाहीतर फ्रेंच प्रेस, पावडरीतलं बहुतेक कॅफिन कपात उतरतंच. थंड पाणी सावकाश काम करतं, पण त्याला आपण सोळा तास देतो की! फ्रिजमध्ये ठेवलं म्हणून ते आळस करत नाही.

आता माझाच हिशोब मांडते. १०० ग्रॅम अरेबिका म्हणजे बाराशे मिलिग्रॅम कॅफिन. ८०० मिली पाण्यातलं दोनशे मिली ओल्या चोथ्यात अडकून राहतं, त्याबरोबर पाव भाग कॅफिनही मागे राहतं. हातात येतं सहाशे मिली. काही कॅफिन पावडरीतून सुटलंच नाही असं धरून कंजूषपणे हिशोब केला, तरी आठशे मिलिग्रॅम कुठे गेले नाहीत. माझा ग्लास दोनशे मिलीचा. म्हणजे एका ग्लासात सुमारे २७०. दोन ग्लासांचे ५४०.

आणि ते कवटीवाले दोन एस्प्रेसो? एका छोट्या कपात साधारण ६५. दोन मिळून १३०. मी १३० सोडून ५४० वर गेले आणि त्याला सुधारणा म्हणत होते!

एस्प्रेसो कडक लागतो, कारण त्याचं सगळं सत्त्व तीस मिलीत कोंबलेलं असतं. घोटाला घोट लावून बघाल तर तोच जास्त भारी आहे, हे मान्य. पण आपण घोट पीत नाही, कप पितो. गाळलेल्या साध्या कॉफीचा २४० मिलीचा मग जिभेला फिका वाटतो, तरी त्यात साधारण ९५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे त्या चटका देणाऱ्या बोटभर कपापेक्षा जास्त. चव तुम्हाला कडवटपणा सांगते, कॅफिन सांगत नाही. कडक भाजलेल्या काळ्या बियांचंही तेच. भाजण्यात कॅफिन जेमतेम हलतं. फक्त त्या बिया हलक्या आणि फुगीर होतात, म्हणून चमच्याने मोजलं तर वजन कमी भरतं आणि त्यामुळे कॅफिनही कमी. आणि दूध घातल्याने कॅफिन 'मारलं' जातं म्हणणाऱ्यांना साष्टांग नमस्कार.

(हो, कोल्ड ब्रू चवीला छान लागतं. ते मी नाकारत नाही. अजूनही पिते.)

आता त्या अडीच वाजण्याचं. शरीरातलं कॅफिन अर्धं व्हायला साधारण पाच तास लागतात. माणसागणिक फरक खूप. धूम्रपान करणाऱ्यांचं लवकर उतरतं, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांचं बरंच उशिरा. पण पाच धरून चला. दुपारी एकच्या ग्लासातले २७० संध्याकाळी सहाला १३५ झाले आणि रात्री अकराला ६८. सहाच्या ग्लासातले २७० अकराला १३५. बेरीज दोनशेच्या वर. म्हणजे मी रोज अंथरुणावर पाठ टेकताना नुकतेच तीन एस्प्रेसो घशात ओतल्यासारखी होते! आणि वर दिवा घालवून डोळे मिटून पडल्यावर झोप का येत नाही म्हणून रडत होते. थकवा सांगणारं अॅडेनोसिन मेंदूत ज्या जागी बसतं, तिथे कॅफिन आधीच ठाण मांडून बसतं. थकवा असतोच, फक्त निरोप पोचत नाही.

"मला तर रात्री जेवणानंतर कॉफी पिऊनही झोप लागते," असं म्हणणारे कमेंटमध्ये येतीलच. असतात असे लोक, देव त्यांचं भलं करो. तुम्ही ते आहात की नाही, हे आठवडाभर दुपारनंतरची कॉफी बंद करून सकाळी कसे उठता त्यावरून ठरवा. झोप लागणं वेगळं आणि झोप पुरणं वेगळं.

मग मी काय केलं? सगळ्यात आधी मूर्खपणा. रागाच्या भरात एका दिवसात सगळी कॉफी बंद केली. दुसऱ्या दिवशी दुपारी कपाळाला कुणी पट्टा आवळावा तसं डोकं दुखायला लागलं. हे अपेक्षितच असतं: शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत सुरू होतं आणि आठवडाभरही रेंगाळू शकतं. तिसऱ्या दिवशी मी हार मानली आणि कॉफी प्यायले, अर्ध्या तासात डोकं शांत. तेव्हा कळलं की मला कॉफी आवडते म्हणून मी ती पीत नव्हते.

दुसऱ्यांदा नीट केलं. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा काढला आणि एकच हिशोब ठेवला: गाळून करायच्या पावडरीच्या एका ग्रॅमला दहा मिलिग्रॅम. अगदी अचूक नाही, पण एस्प्रेसो आणि कोल्ड ब्रूसाठी तो थोडा जास्तच धरतो, म्हणजे चूक झाली तर ती आपल्या बाजूची. पुड्यावर रोबस्टा किंवा मिश्रण लिहिलेलं असेल तर ग्रॅमला पंधरा-वीस धरायचे. इन्स्टंटला मात्र हा हिशोब लावू नका. तिचा चोथा राहत नाही, सगळीच्या सगळी पोटात जाते. दोन ग्रॅमच्या एका चमच्यात ५०-६० मिलिग्रॅम असतं.

धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं युरोपातली आणि अमेरिकेतली अन्नसुरक्षा खाती सांगतात. युरोपवाले एका वेळी २०० च्या वर नको म्हणतात. म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त चाळीस ग्रॅम पावडर. काळ्या चहाच्या कपाचे ४०-५० त्यातूनच वजा. माझी तेव्हा ६७ ग्रॅमच्या आसपास जात होती, अगदी 'सौम्यपणे'. मी दर चार दिवसांनी दहा ग्रॅम कमी केले. कप तेवढेच ठेवले, फक्त त्यात कॅफिन काढलेली पावडर मिसळत गेले. हाताला सवय कपाची असते, तिला फसवणं सोपं असतं. आता सकाळी पंधरा ग्रॅम, दुपारी बाराच्या आत दहा, आणि संध्याकाळी वाटलंच तर निव्वळ डिकॅफ. त्यातही थोडं कॅफिन असतं, पण दोन-पाच मिलिग्रॅमने माझी रात्र जात नाही.

ग्रुपवर मी सकाळी जरा जास्तच बोलले. "काका, कवटी चुकीच्या जागी लावलीय" असं लिहिलं. खरं तर त्यांचा काय दोष, आलेलं पुढे पाठवलं. पण मामेबहिणीला फोन केल्याशिवाय राहवेना. गरोदरपणात मर्यादा २०० मिलिग्रॅम, तीही दिवसभराची. आणि शेवटच्या महिन्यांत कॅफिन उतरायला इतका वेळ लागतो की ते अर्धं व्हायलाच पंधरा तासांपर्यंत जाऊ शकतात. आजचं उद्याच्यात मिसळतं. मी तिला विचारलं, बरणीत किती टाकलंस? म्हणाली, "चारच चमचे गं ताई, भरून. २५० मिली पाणी." म्हटलं, चमचा वजन करून सांग.

दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला: "एक चमचा सात ग्रॅम." मग काही वेळ ती फक्त टाइप करत होती. चार साते अठ्ठावीस, गुणिले दहा, हे तिला माझ्याशिवायही जमलं. चोथ्यातलं वजा केलं तरी २०० च्या पलीकडेच.

बरणी तशीच फ्रिजमध्ये आहे म्हणाली, नवऱ्याला पाजणार, पण दोन दिवसांत वाटून. तिचं ठरलंय: सकाळी बारा ग्रॅमची गाळलेली कॉफी आणि चारच्या आधी एक काळा चहा. पुढच्या भेटीत डॉक्टरांनाही ग्रॅममध्येच सांगणार आहे. काकांनी माझ्या मेसेजला अंगठा दिलाय आणि खाली लगेच 'ग्रीन टीचे अकरा फायदे' टाकलेत.