दीडपट वेगाचा हाथीराम

दिल्या शाळेपासूनचा मित्र आहे म्हणून मी गप्प बसतो. एरवी ज्या माणसाने 'पाताल लोक' या वेब सीरिजचा दुसरा सीझन डोंबिवली लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धा टेकून, कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून 'आणून', वर दीडपट वेगाने बघितलाय, त्याच्याशी ठाणे स्टेशनबाहेरच्या टपरीवर वाद घालायचा म्हणजे स्वतःचंच बीपी वाढवून घ्यायचं. पण संध्याकाळची वेळ, हातात कटिंग, आणि दिल्या पहिल्याच घोटाला म्हणाला, "पहिला सीझन तो पहिलाच. दुसऱ्यात काही दम नाही राव."

झालं. माझा चहा तिथेच निवला.

दिल्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, हे मला मान्य करावं लागतं (त्याच्यासमोर नाही). २०२०च्या मे महिन्यात पहिला सीझन आला तेव्हा आपण सगळे घरात कोंडलेले होतो. नऊ भाग, आणि दाराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. तेव्हा भांडी घासण्याचा व्हिडिओसुद्धा थरारक वाटत होता. पण त्या सीझनची खरी करामत वेगळीच होती. सुरुवातीलाच दिल्लीत चार जण पकडले जातात. संजीव मेहरा नावाच्या टीव्ही पत्रकाराला उडवण्याचा त्यांचा कट असतो. म्हणजे गुन्हेगार आत, सावज जिवंत, खून झालेलाच नाही. दुसऱ्या कुठल्याही मालिकेचा शेवटचा भाग इथे पहिलाच भाग आहे. मग उरलेले आठ भाग करायचं काय? तर प्रश्न फिरवायचा. 'कोणी केलं' हे नाही, 'का करणार होते' हे शोधायचं. आणि ते शोधायचं काम कुणाकडे, तर दिल्लीच्या आउटर जमुना पार पोलीस ठाण्यातल्या हाथीराम चौधरीकडे, ज्याला आयुष्यात एकही मोठी केस मिळालेली नाही.

"तेच तर सांगतोय," दिल्या क्रीमरोल चहात बुडवत म्हणाला. "चारही जणांची आख्खी कुंडली दाखवलीय. तो हथोडा त्यागी चित्रकूटचा, दुसरा पंजाबातला, प्रत्येकाचं लहानपण, प्रत्येकाला कशाने पोळलंय ते. दुसऱ्या सीझनला आहे का असं काही? नुसतं धुकं आणि डोंगर!"

"धुकं आणि डोंगर नागालँडमध्ये नाही दाखवणार तर काय शिळफाट्याला दाखवणार?"

"पण कळलं पाहिजे ना काही!"

इथे मला दिल्याच्या समीक्षेचं मूळ सापडलं. दुसऱ्या सीझनमधली बरीच माणसं आपापसात नागामीज बोलतात. खाली सबटायटल येतात. दिल्याने 'आणलेल्या' प्रतीला सबटायटल नव्हतीच. म्हणजे या गृहस्थाने निम्मी मालिका, कळव्याच्या गर्दीत कुणाचं तरी कोपर बरगडीत घेऊन, न कळणाऱ्या भाषेत, तीही दीडपट वेगाने ऐकली आणि वर निकाल दिला की पटकथा गोंधळलेली आहे.

"अरे, पण हाथीराम तर हिंदीच बोलतो ना," तो म्हणाला.

हाथीराम हिंदीच बोलतो, पण तो जेवढं बोलतो त्याहून जास्त गप्प बसतो. जयदीप अहलावतचं निम्मं काम त्या गप्प बसण्यात आहे. साहेब काहीतरी लागेल असं बोलतो, हाथीराम बघत राहतो, जबडा जरासा हलतो, आणि मग 'जी सर' येतं. तेवढ्या वेळात त्याच्या नोकरीची सगळी वर्षं आपल्याला दिसतात. दीडपट वेगाने बघितलं की तिथे एक माणूस नुसता डोळे मिचकावतो आणि सीन संपतो.

मी हे सगळं दिल्याला समजावत होतो तेव्हा टपरीवाले काका गाळण्यातला चोथा डब्यात आपटत होते. प्रत्येक आपटण्याला माझा मुद्दा तुटत होता. ते मुद्दामच करत असावेत. एका कटिंगवर एवढा वेळ बाकडं अडवणारं गिऱ्हाईक कुणालाच आवडत नाही.

दिल्याने मग हुकमाचं पान टाकलं. "आणि पहिला सीझन आपल्या मराठी माणसाने केलाय. अविनाश अरुण. 'किल्ला'वाला."

मी याचीच वाट बघत होतो. "पहिल्या सीझनला दोन दिग्दर्शक होते दिल्या. अविनाश अरुण आणि प्रोसित रॉय. दुसरा सीझन अविनाश अरुणने एकट्याने केलाय. मग आता मराठी अस्मिता कुठल्या सीझनच्या बाजूने?"

दिल्या क्रीमरोलचा तळाला गेलेला तुकडा बोटाने शोधत राहिला. एवढ्यावर थांबलो असतो तर मी जिंकलो होतो. पण जिंकत असताना थांबणं आमच्या घराण्यात नाही. मला दुसरा सीझन का आवडतो, हे सांगायचंच होतं.

पहिल्यात इम्रान अन्सारी हाथीरामचा ज्युनियर असतो. ड्युटी सांभाळून यूपीएससीचा अभ्यास करणारा, सरळ पोरगा. २०२५च्या जानेवारीत दुसरा सीझन आला, तोवर तो आयपीएस होऊन हाथीरामचा साहेब झालाय. हाथीराम होता तिथेच आहे. ज्या पोराला आपण हाताखाली काम शिकवलं त्याला चारचौघांत 'सर' म्हणायचं, आणि त्या पोरालाही ते 'सर' ऐकताना अवघडायला होतं! ज्याने सरकारी कचेरीत एक दिवस जरी काढलाय त्याला हे बघताना पोटात कालवतं. खुनाचा तपास बऱ्याच मालिका दाखवतात, बढतीचं हे दुखणं इतक्या नीट कोण दाखवतं? शिवाय गुन्ह्याचीही बांधणी तगडी आहे. एका बाजूला दिल्लीत झालेला नागा नेत्याचा खून, त्यावर देशभर बोंबाबोंब. दुसऱ्या बाजूला रघू पासवान नावाचा बँडवाला बेपत्ता, त्याचं कुणालाच काही नाही. पहिली केस अन्सारीकडे, दुसरी हाथीरामकडे. कुणाकडे कुठली केस आली, एवढ्यावरूनच दोघांची जागा कळते. आणि मग दोन्ही धागे एकमेकांत अडकतात.

"म्हणून तर," मी हातवारे करत म्हणालो, "मधेच अन्सारी मरतो तेव्हा..."

शेजारच्या बाकड्यावर कानात इअरफोन घालून बसलेला एक मुलगा होता. इतका वेळ तो गाणी ऐकतोय असं आम्ही धरून चाललो होतो. त्याने एक इअरफोन काढला.

"अन्सारी मरतो?"

टपरीवर शांतता पसरली. काकांनी स्टोव्हसुद्धा बारीक केला.

"मी पहिला सीझन कालच सुरू केलाय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागत होतं. "अन्सारी एकटाच आवडला होता मला त्यात."

मी काहीतरी सारवासारव केली. मालिकेत मरणं म्हणजे काय, कधीकधी नुसतं तसं दाखवतात, वगैरे. मुलगा माझ्याकडे बघत राहिला, थेट हाथीरामसारखा. 'जी सर' तेवढं आलं नाही. मी त्याच्या चहाचे पैसे देऊ केले, तर काका म्हणाले, "त्याने दिलेत. तुमचेच बाकी आहेत. दोघांचे. आणि क्रीमरोल."

अशा वेळी खरा मित्र पुढे येतो. दिल्या उठला, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि वडीलधाऱ्या आवाजात म्हणाला, "तू नको टेन्शन घेऊस रे. याने दुसरा सीझन फोडला, पहिला अजून शाबूत आहे. तो नीट बघ, सावकाश बघ. फक्त एक सांगतो, त्या कुत्रीकडे लक्ष ठेव. सगळं तिच्यामुळेच आहे."