एलईडीच्या रेझिस्टरचे वॉटेज मोजूनच ठरवावे लागते

«एलईडी फार कमी वीज खातो, त्यामुळे त्याचा रेझिस्टर तापत नाही. १२ व्होल्टला ४७० ओहम आणि थेट २३० व्होल्टला १० किलोओहम लावा. दोन्हीकडे साधा पाव वॉटचा रेझिस्टर चालतो. छोट्या ३ व्होल्टच्या सेलवर तर रेझिस्टरच लागत नाही.»

हा संदेश माझ्या भाचीला तिच्या सोसायटीच्या गटातून आला आणि गणपतीच्या मखरासाठी तिने त्याप्रमाणे सामानाची यादीही करून ठेवली. मखर पुठ्ठ्याचे आणि कापडाचे आहे, म्हणून २३० व्होल्टच्या सल्ल्यापासूनच सुरुवात करणे भाग आहे.

एलईडी कमी वीज खातो हे खरे, पण त्यावरून रेझिस्टरचे काहीच ठरत नाही. एलईडीवर जेमतेम २ ते ३ व्होल्ट पडतात आणि उरलेले सगळे व्होल्टेज रेझिस्टरला सोसावे लागते. २३० व्होल्टला जोडल्यावर रेझिस्टरवर सुमारे २२८ व्होल्ट येतात, १० किलोओहममधून साधारण २२.८ मिलीअँपिअर करंट वाहतो, आणि या दोहोंचा गुणाकार ५.२ वॉट होतो. म्हणजे पाव वॉटच्या रेझिस्टरवर त्याच्या क्षमतेच्या वीसपट भार. एलईडीला उलट दिशेने सहसा ५ व्होल्टच सोसतात, आणि मेनच्या व्होल्टेजचे शिखर तर ३२५ व्होल्टचे असते. म्हणून मालिकेत डायोड घातला, तर करंट अर्धाच वेळ वाहतो आणि उष्णता २.६ वॉटवर येते. तरीही ती दहापट आहे. असा रेझिस्टर आधी करपट वास देतो, मग त्यावरचे रंगीत पट्टे काळे पडतात, आणि हे सगळे पुठ्ठ्याला चिकटून घडते.

ज्यांना हे आकडे कागदी वाटतात त्यांनी सीएफआर-२५ या पाव वॉटच्या सर्वसामान्य कार्बन फिल्म रेझिस्टरची डेटाशीट उघडावी. त्यात पाव वॉट ही क्षमता सभोवतालचे तापमान ७० अंश सेल्सिअसपर्यंत असेल तेवढ्यापुरतीच दिलेली आहे. त्यापुढे ती सरळ रेषेत उतरत १५५ अंशांना शून्य होते. शिवाय त्याच डेटाशीटमध्ये कमाल कार्यकारी व्होल्टेज २५० व्होल्ट दिले आहे, आणि २३० व्होल्टचा पुरवठा १० टक्के चढला की २५३ व्होल्ट होतो. वॉटेजचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हा रेझिस्टर त्या जागी बसत नाही.

यावर कोणी म्हणेल की १० वॉटचा सिरॅमिक रेझिस्टर लावू. तो करपणार नाही, पण एलईडीचे उघडे पाय मेनच्या तारेशी जोडलेलेच राहतील आणि आरतीच्या गर्दीत कोणाचाही हात तिथे लागू शकतो. मखरात २३० व्होल्ट नकोतच. १२ व्होल्टचा चांगला अ‍ॅडॉप्टर घ्यावा आणि तो मखराबाहेर ठेवावा.

त्या अ‍ॅडॉप्टरवर तीन पांढरे एलईडी मालिकेत जोडले आणि प्रत्येकाचे ३.१ व्होल्ट धरले, तर ९.३ व्होल्ट त्यांच्यावर जातात आणि २.७ उरतात. आपल्याला १५ मिलीअँपिअर हवे आहेत, म्हणून २.७ भागिले ०.०१५, म्हणजे १८० ओहम. हे मूल्य दुकानात सहज मिळते. रेझिस्टरमधली उष्णता ०.०४ वॉट आहे, त्यामुळे इथे पाव वॉटचा रेझिस्टर निर्धास्त चालतो. अ‍ॅडॉप्टरच्या करंट क्षमतेत बसतील तितक्या अशा माळा समांतर जोडा, पण प्रत्येक माळेला तिचा स्वतंत्र रेझिस्टर हवा, कारण एकच सामाईक रेझिस्टर ठेवला तर ज्या माळेचे व्होल्टेज किंचित कमी तिच्यातून करंट जास्त वाहतो.

संदेशातले ४७० ओहम १२ व्होल्टवर एका लाल एलईडीसाठी चालून जातात, हे मान्य करावे लागेल: १० व्होल्ट रेझिस्टरवर पडतात, करंट २१ मिलीअँपिअर आणि उष्णता ०.२१ वॉट होते, म्हणजे पाव वॉटच्या अगदी काठावर. पण हीच जोडणी दुचाकीवर केली, तर इंजिन चालू असताना व्होल्टेज १४.४ पर्यंत जाते, करंट २६ मिलीअँपिअर होतो आणि उष्णता ०.३३ वॉटवर पोहोचते. तिथे ६८० ओहमचा, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर घ्यावा, १४.४ व्होल्टलाही त्यात ०.२३ वॉटच उष्णता होते. हिशेबात जे वॉट येतील त्यांच्या दुप्पट क्षमतेचा रेझिस्टर निवडायचा, हा माझा नियम आहे.

नाण्याच्या आकाराच्या सेलची गोष्ट अर्धीच खरी आहे. त्या सेलचा अंतर्गत रोधच करंट आवरतो, म्हणून एलईडी वाचतो. दोन पेन्सिल सेलचेही ३ व्होल्टच होतात, पण त्यांचा अंतर्गत रोध फार कमी असतो, त्यामुळे त्यांच्यावर लाल एलईडी रेझिस्टरविना लावला तर तो लवकरच निकामी होतो.

जोडणी झाल्यावर मल्टिमीटरने रेझिस्टरच्या दोन टोकांमधले व्होल्टेज मोजावे, त्याचा वर्ग करून ओहमने भागावे. येणारा आकडा म्हणजे रेझिस्टर प्रत्यक्षात सोसत असलेले वॉट, आणि तो रेझिस्टरच्या क्षमतेच्या निम्म्याहून जास्त आला तर रेझिस्टर बदलावा.