आजीचे पापड आणि दोनशे चाळीसचा भाव

होळी झाली की आमच्या खानदेशातल्या घरात पापडांचे दिवस सुरू होतात, ते आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. माझी आजी बावीस वर्षांपासून उडदाचे पापड करून विकते. गिऱ्हाइकं ठरलेली आहेत. कुणी पाच किलो नेतं, कुणी लेकीच्या सासरी पाठवायला दोन किलो. भाव किलोला चारशे. एका मोसमात सव्वाशे-दीडशे किलो जातात. लाटायला आजी, आई आणि काकू अशा तिघी.

यंदा होळीनंतरच्या आठवड्यात जळगावकडचा एक मोठा व्यापारी घरी आला. ओसरीवर बसला, भाजलेला पापड खाल्ला आणि थेट बोलला, "आजी, दोनशे किलो द्या, पंचवीस दिवसांत. दोनशे चाळीस रुपये किलो. माल माझ्या दुकानात पोचवायचा, पैसे दोन महिन्यांनी. आणि पापड सगळे एका मापाचे पाहिजेत, झाकणानं कापलेले."

मी सुट्टीला घरी आले होते. पुण्यात एका कंपनीच्या हिशोब खात्यात काम करते, त्यामुळे माझं डोकं लगेच सुरू झालं. दोनशे गुणिले दोनशे चाळीस म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. सामानाचा खर्च किलोला एकशे नव्वद. किलोमागे पन्नास सुटले तरी दहा हजार एकाच गिऱ्हाइकाकडून, दारोदार न फिरता. व्यापारी गेल्यावर मी आजीला म्हटलं, "आजी, घेऊन टाक. भाव कमी आहे, पण माल किती मोठा जातोय बघ."

आजी म्हणाली, "उद्या मी एक किलो पिठाचे करते. तू घड्याळ घेऊन माझ्यापाशी बस."

हे मुद्दाम सविस्तर सांगते, कारण मी लहानपणापासून त्या पापडांच्या लाट्या तेलात बुडवून खाल्ल्यात, पण पापडाला किती वेळ लागतो ते मी कधीच मोजलं नव्हतं.

पापडखार आणि मीठ आदल्या रात्रीच पाण्यात उकळून, गार करून ठेवलं होतं. सकाळी उडदाच्या पिठात जाडसर कुटलेली मिरी, जिरं आणि हिंग घालून त्या पाण्यानं पीठ भिजवलं, अगदी घट्ट. पाणी जरा जास्त झालं की लाटताना पापड चिकटतो आणि वाळायला दुप्पट वेळ घेतो. खार जास्त पडला तर पापड भाजताना लालसर होतो आणि तोंडात साबणासारखी चव येते, म्हणून खार ती स्वतःच्या हातानं मोजते, दुसऱ्या कुणावर सोपवत नाही. यात पंधरा मिनिटं गेली. पीठ मुरायला दोन तास ठेवलं, ते मी धरले नाहीत.

मग कुटणं. पाट्यावर तेलाचा हात फिरवून आजी आणि आई आळीपाळीनं मुसळानं पीठ कुटत होत्या. पीठ झालं की नाही हे कसं कळतं, असं मी विचारलं. आजीनं एक गोळा दोन्ही हातांनी ओढून दाखवला. आधी तो तटकन तुटत होता, वीस मिनिटांनी लांब ताणला जाऊ लागला आणि रंगही फिका झाला. या कुटण्यात आळस केला तर पापड लाटताना कडेनं फाटतो आणि तळल्यावर फुलत नाही. मग लांब वळी करून दोऱ्यानं लाट्या कापल्या, दहा मिनिटं.

लाटायला बसल्यावर खरा वेळ गेला. किलोभर पिठाचे पंच्याऐंशी पापड झाले आणि एकेका पापडाला सरासरी एक मिनिट लागलं. आजीचा हात कितीही सरावलेला असला तरी मधल्या भागापासून कडेपर्यंत जाडी सारखी ठेवायची म्हणजे लाटणं सावकाश फिरवावं लागतं. पहिले पंचवीस भराभर झाले. साठाव्या पापडानंतर ती मनगट दाबायला थांबली. सत्तराव्यानंतर पुन्हा थांबली. मी घड्याळ बंद केलं नाही, कारण हाताला आराम देणं हाही कामाचाच वेळ आहे.

नंतर वाळवण. उडदाचा पापड कडक उन्हात टाकत नाहीत, कडा वळतात आणि तडकतात. घरात साडीवर पसरून सावलीत, मध्ये उलटवून, आणि शेवटी जरासं ऊन. उलटवणं, गोळा करणं, चळत लावून वर वजन ठेवणं, पिशव्या भरणं यात पंचवीस मिनिटं. तुटलेले बाजूला काढल्यावर चांगला माल साधारण किलोभर भरला.

एकूण दोन तास पस्तीस मिनिटं. आजीनं मला विचारलं, "आता सांग, पन्नास रुपये कशाचे?"

मी कागद घेतला. पन्नास रुपये अडीच तासांचे म्हणजे तासाला वीस. दोनशे किलोला पाचशे तास. तिघींनी रोज आठ-आठ तास दुसरं काहीही न करता लाटलं तरी एकवीस दिवस. स्वयंपाक, पाणी, काकूची लहान मुलं सगळं बाजूला. माल पोचवायला गाडीभाडं दीड हजार, ते वजा केल्यावर तासाला सतरा. चारशेच्या भावात याच तासाला चौऱ्याऐंशी रुपये पडत होते. शिवाय पापडांचे दिवस मोजकेच. व्यापाऱ्याचे पंचवीस दिवस वेगळे कुठून आणणार? ते घरच्या गिऱ्हाइकांच्या दिवसांतूनच जाणार होते.

झाकणाच्या मापाचाही हिशोब मी सोडून दिला होता. कापून उरलेल्या कडा पुन्हा मळाव्या लागतात, तोवर त्या सुकलेल्या असतात, आणि तसं पीठ लाटायला दुप्पट जोर लागतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे भांडवल. दोनशे किलोच्या सामानाला अडतीस हजार लागणार. आजीच्या डब्यात चौदा हजार होते. उरलेले उसने आणायचे, आणि माल गेल्यावर दोन महिने वाट बघायची. म्हणजे त्या मोठ्या दुकानाला माल उधार द्यायला माझ्या सत्तर वर्षांच्या आजीनं कर्ज काढायचं होतं.

इथे मला जे म्हणायचंय ते स्पष्ट म्हणते. हा भाव परवडतो असं फक्त एकाच प्रकारे दिसू शकतं: बाईच्या वेळाची किंमत शून्य लिहून. मी नेमकं तेच केलं होतं. रोज दुसऱ्यांचे हिशोब तपासणारी मी, पीठ, मिरी, तेल, पिशवी सगळं धरलं आणि लाटणारे सहा हात धरले नाहीत. "घरच्याच तर बायका आहेत" हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो की कागदावर त्यांच्यासाठी ओळच उरत नाही. व्यापारी लबाड होता असं मी म्हणत नाही. यंत्रावर निघालेल्या पापडाला तो भाव कदाचित पुरतही असेल. पण हातानं लाटलेला पापड मागायचा आणि भाव यंत्राचा द्यायचा, हे मला मान्य नाही.

पापडात लाटणाऱ्या हाताचा हिशोब वेगळा ठेवता येतो, याचं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं. तिथे भिजवलेलं पीठ बायका घरी नेतात, पापड लाटून-वाळवून परत आणतात आणि लाटण्याचे पैसे घेतात. म्हणजे लाटणारीला स्वतःचे पैसे घालून उडीद आणावा लागत नाही आणि पापड विकले जाण्याची वाट बघत बसावं लागत नाही.

आजीला हे मी सांगितलंही नव्हतं, पण दोन दिवसांनी व्यापारी परत आला तेव्हा ती जवळपास तेच बोलली. "शेट, दोनशे किलो माझ्यानं होणार नाहीत. पन्नास किलो करते, आखाजीनंतर. पीठ, मसाला, तेल तुम्ही आणून द्या. किलोला एकशे तीस रुपये लाटणावळ द्या. माल इथूनच न्या, आणि नेताना पैसे मोजून न्या. कापायचे नाहीत, हाताचा पापड थोडा लहानमोठा होणारच."

तो म्हणाला, "आजी, एवढ्यात मला दुसरीकडे तयार माल मिळतो."

"मग घ्या ना तिकडून," आजी म्हणाली. आवाज चढवला नाही. चहा पिऊनच जा म्हणाली. तो चहा पिऊन गेला आणि या मोसमात परत आला नाही.

त्या रात्री मला फार वाईट वाटलं, हे लपवत नाही. आईलाही वाटत होतं की थोडं भावावर बोलायला हवं होतं, दोनशे ऐंशीवर आला असता. मी तोही हिशोब केला: नव्वद रुपये, तासाला छत्तीस, आणि उधारी तशीच. चैत्राच्या शेवटी तीन दिवस आभाळ आलं तेव्हा घरात फक्त बारा किलोचा माल पसरलेला होता. तो पंख्याखाली कसाबसा वाळला. दमट पापडाची चळत लावली की आतून बुरशी धरते आणि ती पिशवी उघडल्यावरच दिसते. दोनशे किलोच्या घाईत तसा माल गेला असता तर परत आलेल्या पिशव्या आजीच्याच माथी आल्या असत्या.

ज्यांच्या घरी असा व्यापारी येईल त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते, कारण मला ती कामामुळे माहीत आहे. लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी फुकट होते. नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे खरेदीदारानं लेखी कराराप्रमाणे, पण जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, असं 2006 चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा सांगतो. करारच नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर व्याज. माल देण्याआधी नोंदणी करा आणि बोलणं कागदावर घ्या. आजीची नोंदणी मी याच सुट्टीत केली.

आजीनंही एक केलं. भाव चारशेचा चारशे चाळीस केला. दोन गिऱ्हाइकं कुरकुरली, एकानं घेतलेच नाहीत. मग तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून काकूकडे दिलं आणि सांगितलं, रोज कोण किती तास बसली ते तारखेखाली लिहायचं. आखाजीच्या दिवशी आई आणि काकूला त्या तासांप्रमाणे पैसे मोजून दिले. लग्न होऊन या घरात आल्यापासून पापडाचे पैसे स्वतःच्या हातात घ्यायची काकूची ही पहिलीच वेळ.

मी ते कॅलेंडर चाळत होते. पहिल्या आठवड्यात दोनच नावं होती. आजीनं स्वतःचे तास लिहायला सांगितलेच नव्हते. आठव्या दिवसापासून काकूच्या अक्षरात तिसरं नाव सुरू होतं, आणि आधीचे सात दिवसही तिनं आठवून भरले होते.