तीन मेलांचा ससेमिरा

मंगळवारी रात्री पावणेबाराला एक बाई तुमच्या साइटवर येतात. बाटली हिरवी, राणी पदराची येवल्याची पैठणी, 14,500 रुपये. फोटो मोठा करून बघतात, साडी कार्टमध्ये टाकतात, चेकआउटच्या पहिल्या पानावर ईमेल भरतात आणि फोन बाजूला ठेवून झोपी जातात.

त्या का गेल्या, याचा विचार अजिबात करू नका. हिरवा खरंच बाटली हिरवा आहे की जवळून पोपटी निघेल, बहिणीला स्क्रीनशॉट पाठवावा का, फॉल-पिको कोण करून देणार, लग्नाआधी पोचेल का, असल्या शंकांत डोकं घातलंत तर धंदा कधी करणार? बाई पळाल्या आहेत आणि त्यांना धरून आणायचंय, एवढंच समजून चाला. लक्ष्मी रस्त्यावर गिऱ्हाईक "जरा बघून येते" म्हणून उठलं की गादीवरचा माणूस घड्या घालत "या हो ताई, दुकान आपलंच आहे" म्हणतो. बिचाऱ्याकडे ईमेल नसतो. नाहीतर तोही पैठणी खांद्यावर टाकून कुंटे चौकापर्यंत मागे धावला असता.

तर पहिला मेल तिसऱ्या मिनिटाला सोडा. विषय: "तुम्ही काहीतरी विसरलात!!!" साडेचौदा हजारांची वस्तू कुणी विसरत नसतं, पण उद्गारचिन्हांना फोडणी चांगली बसते. साडीचं नाव आणि किंमतही विषयातच टाका. ईमेल घरातल्या सगळ्यांचा सामाईक असेल आणि साडी आईला न सांगता घ्यायची असेल, तर लॉक स्क्रीनवर आईला सगळ्यात आधी कळेल. तुमचं काय जातंय?

माझ्या माहितीतलं एक दुकान आहे, त्यांना हे जमत नाही. रात्री उशिरा सोडलेल्या कार्टला ते दुसऱ्या दिवशी सकाळी दहानंतर लिहितात. विषय नुसता "तुम्ही काल पाहिलेली साडी". आत फोटो, घरपोच खर्च धरून एकूण रक्कम, तीच कार्ट उघडणारी लिंक आणि दोन वाक्यं: "साडी तुमच्या कार्टमध्ये आहे, पण राखून ठेवलेली नाही. काही विचारायचं असेल तर याच मेलला उत्तर द्या, दुकानातलं माणूस वाचतं." राखून ठेवलेली नाही, असं स्वतःच सांगतात! खोटं बोलायची इतकी सोपी संधी कुणी घालवतं का? आणि उत्तरं वाचायला पगारी माणूस बसवलंय. तुम्ही noreply वापरा.

दुसऱ्या मेलमध्ये खरी कला आहे. इथे उलटं धावणारं घड्याळ हवं, आणि मेल उघडेल तेव्हा ते पुन्हा 2 तासांपासून सुरू व्हायला हवं. खाली "फक्त 1 उरली!" लिहा. हातमागाच्या पैठणीबाबत ते बहुधा खरंच असतं, त्यामुळे त्यात काही मजा नाही. गोदामात चाळीस नग पडलेल्या यंत्रमागाच्या सेमी-पैठणीखाली तेच लिहाल तेव्हा तुम्ही खरे व्यापारी. शेवटी नकाराचं बटण: "नको, मला चारचौघींत साधंच दिसायचंय." आणखी कल्पना सुचत नसतील तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला डार्क पॅटर्नबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, ती वाचा. खोटी घाई, नकार देणाऱ्याला लाजवणं, सारखं टोचत राहणं धरून 13 प्रकार व्याख्यांसकट दिलेत. मनाई म्हणून दिलेत, पण आपल्याला तयार अभ्यासक्रम मिळाला ना.

ते दुकान मात्र दुसरा मेल पहिल्यानंतर एक दिवसाने पाठवतं आणि त्यात साडीबद्दलच बोलतं. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता काढलेला फोटो, कारण हिरव्याची शंका बऱ्याचजणींना असते. मग पदराची उलटी बाजू! हाताने विणलेल्या पदरावर मोर आणि मुनिया मागूनही जवळजवळ पुढच्यासारखेच स्वच्छ दिसतात, यंत्रावरच्या पदराला मागे मोकळे किंवा कापलेले धागे असतात, हे बाईंना फुकट शिकवून टाकतात. उद्या त्या हेच ज्ञान घेऊन तुमच्या दुकानात आल्या तर? पुढे लिहितात की ब्लाउजपीस साडीलाच जोडून आहे, आणि फॉल-पिको केल्यावर साडी परत घेता येणार नाही, म्हणून आधी साडी बघा, पसंत पडली तरच करून घ्या. परत न घेण्याची अट पैसे भरून झाल्यावर बारीक अक्षरांत सांगायची असते, हेसुद्धा यांना कुणी शिकवलेलं नाही.

तिसरा मेल सवलतीचा. "खास तुमच्यासाठी 10 टक्के!" म्हणजे 1,450 रुपये सुटले. मग होतं काय, की बाई आतेबहिणींच्या ग्रुपवर लिहितात, "कार्टमध्ये टाका आणि तीन दिवस गप्प बसा." पुढच्या हंगामात कार्ट दुप्पट भरतील, सगळ्या सोडलेल्या असतील आणि तुमचा आलेख कसा देखणा दिसेल! पहिल्याच दिवशी पूर्ण पैसे भरणारीला तेवढी भोळेपणाची शिक्षा होईल.

त्या दुकानाचा तिसरा मेल चौथ्या-पाचव्या दिवशी जातो. "लग्नसराई आहे. आज ऑर्डर दिलीत तर साडी पाच दिवसांत पोचेल, फॉल-पिकोसकट नऊ दिवस लागतील. ही जरा महाग वाटत असेल तर याच रंगातल्या, अरुंद काठाच्या दोन साड्या खाली आहेत. नको असं ठरलं असेल तरी काही हरकत नाही. या साडीबद्दल आम्ही पुन्हा लिहिणार नाही." आणि खरंच लिहीत नाहीत. घाई एवढीच, आणि तीही शिवणाऱ्या बाईंच्या हातात किती काम आहे ते विचारून लिहिलेली.

आणखी एक. मेल थांबवायच्या अटी कधीही तपासू नका. ते दुकान प्रत्येक मेल निघण्याआधी दोन गोष्टी बघतं: बाईंनी साडी घेतली का, आणि ती दुसऱ्या कुणाला विकली गेली का. फोनवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर झालेली विक्रीही त्याच संध्याकाळी साइटवर चढवतात, कारण मेल पाठवणाऱ्या यंत्रणेला आपणहून ते कळत नाही. सुरुवातीला मालकिणीने स्वतःच्या ईमेलवर कार्ट सोडून बघितली, पहिला मेल आल्यावर पैसे भरले आणि दुसरा येतो का याची वाट पाहिली. एवढा वेळ कुणाला आहे? तुमचा मेल खुशाल जाऊ द्या: "तुमची पैठणी तुमची वाट पाहतेय", बाई तीच नेसून मांडवात उभ्या असताना.

मेल बंद करायची लिंक फिकट राखाडी, मुंगीच्या अक्षरात. ती सापडली नाही की लोक सरळ स्पॅमचं बटण दाबतात. 2024 पासून जीमेलने मोठ्या प्रमाणावर मेल धाडणाऱ्यांना एका टिचकीत बंद करायची सोय सक्तीची केली आहे आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलंय. त्या वर गेल्या की तुमचे सगळेच मेल स्पॅममध्ये पडू लागतात, ज्यांनी पैसे भरलेत त्यांच्या पावत्यासुद्धा. मग त्या बायका घाबऱ्याघुबऱ्या होऊन फोन करतील, म्हणून साइटवरून दुकानाचा नंबर आजच काढून टाका.