कंपनीकडून घेतलेलं लोन आधी बंद केलं तरी पुढचं व्याज कापतात?

“लोन मुदतीआधी फेडलं तरी कंपनीचं ईआरपी सॉफ्टवेअर उरलेल्या हप्त्यांचं सगळं व्याज पगारातून कापतंच.”

नाही हो, घटत्या शिलकीवर व्याज असेल तर तसं होत नाही. समजा 60,000 चं लोन, वर्षाला 12 टक्के, महिन्याला 5,000 मुद्दल, तर सहाव्या हप्त्यानंतर शिल्लक 30,000 राहते आणि तेव्हाच बंद केलं तर तेवढेच भरायचे, पुढचं 1,050 व्याज लागतच नाही. फ्लॅट रेट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज, असेल तर मात्र सूट कंपनीच्या पॉलिसीवर.

खरा घोळ वेगळाच असतो, पैसे अकाउंट्सला भरले पण एचआरने सिस्टीममध्ये लोन क्लोज केलंच नाही, मग हप्त्यांचं शेड्यूल चालूच राहतं आणि पुढच्या पेरोलला हप्ता परत कापला जातो. महिन्याचा पेरोल लॉक म्हणजे पक्का व्हायच्या आधी लोनची शिल्लक शून्य दिसतेय का बघा.